कोरी ओळ : बिल छापून झाल्यावर टिप कुठून येते?

अमेरिकेत मुलाबाळांकडे दोन-चार महिने राहून आलेल्या मंडळींकडून एक प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. हॉटेलात जेवण झाल्यावर इथल्या बँकेचे कार्ड दिले, तेव्हा फोनवर निरोप आला एक्कावन्न डॉलरांचा. पुढे महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये निघाले एकसष्ट डॉलर. कार्ड तर वेटरने लगेच परत दिले होते, ते पाकिटात होते. मग मधले दहा डॉलर कोणी घेतले, केव्हा घेतले आणि कार्ड हातात नसताना कसे घेतले?

घेतले ते रीतसरच. पावतीवर टिपची रक्कम स्वतःच्या हाताने लिहून खाली सहीही केलेली असते. पण ती रक्कम कार्डावर नेमकी कधी चढते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनाही नसते. न्यू जर्सीतल्या उपाहारगृहांमध्ये बिलिंगच्या यंत्रणा बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले, त्यामुळे या दहा डॉलरांचा प्रवास मला जवळून पाहता आला. बिल छापले म्हणजे रक्कम ठरली, हा आपला समज अमेरिकन उपाहारगृहात खरा ठरत नाही. तिथे रक्कम ठरते ती ग्राहक घरी गेल्यावर, आणि ती ठरवणारा हात वेटरचा असतो.

दोन निरोप

एक साधे उदाहरण घेऊ. न्यू जर्सीत दोघांचे जेवण झाले 48 डॉलरांचे. त्या राज्याचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे 3.18 डॉलर. छापील बिल झाले 51.18. वेटर ते बिल एका छोट्या फोल्डरमध्ये घालून टेबलावर ठेवतो. ग्राहक त्यात कार्ड सरकवतो आणि वेटर फोल्डर घेऊन आत जातो.

आत यंत्रात कार्ड घातल्यावर पहिला निरोप निघतो. तो हॉटेलच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्यात विचारणा एवढीच असते की या कार्डावर 51.18 डॉलर खर्च करायला तुमची हरकत आहे का? बँक खाते तपासते, हरकत नसल्यास सहा अक्षरांचा मंजुरी क्रमांक पाठवते आणि तेवढी रक्कम ग्राहकाच्या मर्यादेतून बाजूला राखून ठेवते. हे सारे दोन-तीन सेकंदांत होते. फोनवर एक्कावन्न डॉलरांचा निरोप येतो तो याच वेळी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या क्षणापर्यंत एक पैसाही हललेला नसतो. बँकेने फक्त शब्द दिलेला असतो. पैशांची प्रत्यक्ष मागणी करणारा दुसरा निरोप स्वतंत्र असतो आणि तो बऱ्याच तासांनी जातो. पहिल्याला मंजुरी म्हणू, दुसऱ्याला वसुली. टिप या दोहोंच्या मधल्या फटीतून आत शिरते.

मंजुरी आली की यंत्रातून दोन पावत्या निघतात, एक हॉटेलसाठी आणि एक ग्राहकासाठी. दोन्हींवर 51.18 छापलेले असते. त्याखाली टिपसाठी एक कोरी ओळ, बेरजेसाठी दुसरी कोरी ओळ आणि सहीची जागा. कार्ड ग्राहकाला परत मिळते. आपल्या ग्राहकाने टिपच्या ओळीत लिहिले 9.82, बेरजेत लिहिले 61.00, सही केली आणि तो निघून गेला. पूर्ण आकडा व्हावा म्हणून अशी विचित्र टिप लिहिणारे तिकडे पुष्कळ असतात.

वेटरचा गृहपाठ

पुढचे काम ग्राहकाला दिसत नाही. वेटर सही केलेली हॉटेलची प्रत उचलून ॲप्रनच्या खिशात किंवा गल्ल्याजवळच्या डब्यात ठेवतो. गर्दी ओसरल्यावर, बहुधा पाळी संपताना, तो यंत्रापुढे बसतो. एकेका पावतीचा क्रमांक काढतो, पडद्यावर तोच व्यवहार उघडतो आणि टिपचा आकडा टाइप करतो. त्यांच्या भाषेत याला टिप अ‍ॅडजस्ट करणे म्हणतात. कार्ड पुन्हा लागत नाही आणि बँकेला पुन्हा विचारलेही जात नाही. हॉटेलच्या यंत्रणेत पडून असलेल्या नोंदीतली रक्कम 51.18 ची 61.00 होते, एवढेच.

मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी हा गृहपाठ रात्री अकरा-साडेअकराला चाले. दिवसभर उभे राहून पाय भरून आलेले, समोर तीस-चाळीस पावत्या आणि त्यांवर तीस-चाळीस तऱ्हांची अक्षरे. एखाद्याचा 7 हा 1 सारखा, एखाद्याचा दशांशाचा टिंब गायब. सगळे आकडे भरून झाले की दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा बंद होतो. त्याला बॅच म्हणतात. बॅच बंद झाली की त्यातली प्रत्येक नोंद वसुलीचा निरोप बनून बँकेकडे जाते. त्या निरोपात रक्कम 61.00 असते आणि सोबत संध्याकाळचाच मंजुरी क्रमांक.

कार्ड देणाऱ्या बँकेत ही वसुली एक ते तीन दिवसांत नोंदली जाते. मंजुरी आणि वसुली यांची जोडी जुळली की राखून ठेवलेले 51.18 सुटतात आणि खात्यावर 61.00 लागतात. कधीकधी रकमा वेगळ्या असल्यामुळे जोडी लगेच जुळत नाही. मग एक-दोन दिवस दोन्ही आकडे दिसतात आणि दोनदा पैसे गेले की काय, अशी धास्ती बसते. यांतला पहिला आकडा नुसता राखीव असतो, तो आपोआप गळून पडतो. भारतातले कार्ड असेल तर आणखी एक फरक पडतो. निरोप मंजुरीच्या वेळचा असतो, पण रुपयांतला हिशेब वसुलीच्या वेळच्या डॉलरच्या दराने होतो आणि त्यावर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क चढते. त्यामुळे रुपयांतला फरक एकट्या टिपेपेक्षा मोठा दिसू शकतो.

फट आली कुठून?

मंजुरी आणि वसुली यांत अंतर का ठेवले, याचे उत्तर इतिहासात आहे. डायनर्स क्लबचे कार्ड न्यूयॉर्कमध्ये 1950 साली निघाले तेच उपाहारगृहांत उधारीवर जेवता यावे म्हणून. त्या काळी कार्ड दाखवले की कागदाची पावती भरली जाई आणि ग्राहक तीवर टिप लिहून सही करी. पुढे कार्डावरची उठावाची अक्षरे कार्बन कागदावर दाबून उमटवणारी हातयंत्रे आली, तरी रीत बदलली नाही. सही झालेली पावती हीच वसुलीची मागणी होती. हॉटेलवाला दिवसाच्या पावत्यांचा गठ्ठा बँकेत भरी. टिप लिहून मगच पावती पुढे जात असल्यामुळे रकमेत तफावत पडायचा प्रश्नच नव्हता.

पुढे विजेच्या वेगाची यंत्रणा आली ती दोन हप्त्यांत. आज व्हिसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने 1973 मध्ये फक्त मंजुरीसाठी संगणकाचे जाळे उभे केले आणि वसुलीच्या कागदांची जागा घेणारे दुसरे जाळे त्याच्या पुढच्या वर्षी. मंजुरीचे काम पावतीच्या आधी आले, वसुली मात्र पावतीच्या मागेच राहिली. गठ्ठा बँकेत नेण्याऐवजी तारेवरून जाऊ लागला, पण गठ्ठाच राहिला. बॅच हे त्या जुन्या कागदी गठ्ठ्याचेच नाव आहे. कोरी ओळही तिथूनच उरली आहे.

वीस टक्क्यांची मुभा

बँकेने 51.18 ला होकार दिला आणि मागणी आली 61.00 ची, तर बँक ती का मानते? कारण प्रत्येक व्यवहारासोबत दुकानाच्या प्रकाराचा चार आकडी क्रमांक जातो. उपाहारगृहाचा 5812, बारचा 5813. या क्रमांकांच्या दुकानांत नंतर टिप चढणार हे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. व्हिसाच्या नियमांत अशा व्यवहारांना मंजूर रकमेच्या वीस टक्के वरपर्यंत मुभा आहे. आपल्या उदाहरणात ही मर्यादा 61.41 वर येते, म्हणजे 61.00 आरामात बसतात. कापडाच्या दुकानाने हेच केले तर ते नियमाविरुद्ध ठरेल.

समजा ग्राहक खूश होऊन 12 डॉलर टिप लिहितो. बेरीज 63.18, म्हणजे मर्यादेच्या वर 1.77. पुष्कळदा तेही विनातक्रार वसूल होते. पण ग्राहकाने किंवा बँकेने आक्षेप घेतला, तर मुभेबाहेरच्या रकमेची जोखीम हॉटेलच्या माथी येते. सावध हॉटेलवाले अशा वेळी वाढीव रकमेची मंजुरी नव्याने मागतात.

या मुभेची दुसरी बाजू भेटकार्डावर दिसते. पन्नास डॉलर भरलेले भेटकार्ड घेऊन कोणी पंचेचाळीस डॉलरांचे बिल द्यायला जातो आणि यंत्र नकार देते. कार्डात पैसे असतात, पण ते देणारी संस्था 5812 पाहून आधीच वीस टक्के वाढवून बघते. पंचेचाळीसचे चोपन्न होतात आणि पन्नासात बसत नाहीत. ग्राहक वेटरकडे संशयाने पाहतो, पण वेटरच्या हातात काहीच नसते.

आणखी एक मर्यादा आहे. अमेरिकेतले डेबिट कार्ड पिन घालून वापरले, तर बहुधा मंजुरी आणि वसुली एकाच निरोपात होते. तिथे फटच नाही, त्यामुळे नंतर टिप चढवता येत नाही. म्हणूनच टेबलावर बसून जेवायच्या हॉटेलांत डेबिट कार्डही पिनशिवाय, क्रेडिट कार्डाच्या वाटेने चालवतात.

अकरा पावत्या

ही फट बंद व्हायची वेळ चुकली तर काय होते, ते मी एका बारमध्ये पाहिले. नाव सांगत नाही. मालकाने बिलिंगची यंत्रणा नवी घेतली होती आणि ती देणाऱ्याने बॅच रोज रात्री अकराला आपोआप बंद होईल अशी वेळ लावून ठेवली होती. उपाहारगृह दहाला मिटत असे, त्याच्या दृष्टीने ठीकच. पण बारचा भाग शुक्रवारी एकपर्यंत चाले. तिथली एक वयस्कर वेट्रेस गर्दी सरल्यावर बारानंतर पावत्या भरायला बसे.

शनिवारी मला फोन आला. तिने आदल्या रात्री अकराच्या आतल्या अकरा पावत्या उघडायचा प्रयत्न केला, तर पडद्यावर त्या दिसत होत्या, पण टिपची चौकट काही केल्या उघडेना. व्यवहार बिलाच्या छापील रकमेवरच बंद होऊन बँकेकडे गेले होते. अकरा पावत्यांवरच्या टिपांची बेरीज होती 118 डॉलर. अकरानंतरच्या पावत्या मात्र पुढच्या बॅचमध्ये पडल्यामुळे व्यवस्थित भरता आल्या. एकाच रात्रीच्या निम्म्या पावत्या उघडतात आणि निम्म्या उघडत नाहीत, ही अशा गोंधळाची खूण असते. यंत्र बिघडले असते तर एकही उघडली नसती.

बंद बॅच पुन्हा उघडता येत नाही. कार्ड ग्राहकाकडे, ग्राहक घरी. त्याला शोधून त्याच्या संमतीने वेगळा व्यवहार करणे हा एक मार्ग, पण बारमधल्या अनोळखी गिऱ्हाइकांना कुठे शोधणार? दुसरा मार्ग मालकाने स्वतःच्या खिशातून देण्याचा. मी वेळ बदलून पहाटे चारची करून दिली. अकरा पावत्या रबरबँड लावून ती काउंटरवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "लोकांनी दिलंय हो, हे बघा त्यांच्या हातचं." मालकाने त्या आठवड्यात अर्धी रक्कम दिली. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे काय झाले, ते मला कळले नाही.

हे 118 डॉलर तिच्यासाठी किती मोठे होते, ते समजायला अमेरिकेतला एक कायदा माहीत हवा. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख वेतन म्हणून तासाला किमान 2.13 डॉलर दिले तरी संघराज्याच्या कायद्याला चालते. हा आकडा 1991 पासून तोच आहे. टिपा मिळून तासाचे 7.25 भरत नसतील तर उरलेले मालकाने भरायचे. काही राज्यांनी याहून बरे दर लावले आहेत, पण तत्त्व बहुतेक ठिकाणी हेच आहे. थोडक्यात, कोऱ्या ओळीतला आकडा हा वरकड खुशीचा पैसा नसून पगाराचा मोठा हिस्सा असतो. त्यातही कार्डावरच्या टिपेवर बँकेला द्यावे लागणारे शुल्क मालकाने वेटरच्या टिपेतून कापले, तर संघराज्याचा कायदा हरकत घेत नाही. तीन टक्के धरले तर 9.82 मधले 29 सेंट. कॅलिफोर्नियात अशी कपात करायला बंदी आहे. रोख टिपेला टेबलावरच्या चार नोटा पुरतात, कार्डावरच्या टिपेला मात्र यंत्र, बॅच, बँक आणि मालक असे चार उंबरठे ओलांडावे लागतात.

चिपने ओळ वर सरकवली

चुंबकी पट्टीच्या कार्डाला रकमेशी काही देणेघेणे नव्हते. चिपच्या कार्डाचे तसे नाही. यंत्रात घातल्यावर चिप आपल्या गुप्त किल्लीने एक सांकेतिक मोहोर तयार करते. तीत रक्कम, चलन, तारीख अशा गोष्टी गुंफलेल्या असतात. म्हणजे कार्डाने मोहोर उमटवली ती 51.18 वर, 61.00 वर नव्हे. नंतर चढलेल्या 9.82 ला पुरावा उरतो तो सही केलेल्या कागदाचाच. अमेरिकेत चिप सर्वत्र यायला 2015 उजाडले, आणि 2018 पासून मोठ्या कार्ड संस्थांनी सहीची सक्तीही काढून टाकली. तरी कोरी ओळ टिकून आहे.

कॅनडात आणि युरोपातल्या अनेक देशांत चिपसोबत पिन आला. पिन घालायचा म्हणजे कार्ड आत नेता येत नाही, यंत्रच टेबलावर आणावे लागते. आणि ग्राहक पिन घालतो तो पडद्यावरच्या रकमेला होकार म्हणून. त्यामुळे टिपचा प्रश्न पिनच्या आधी विचारावा लागतो. बिल छापून झालेले असते, यंत्र हातात येते, पडदा टिप किती ते विचारतो, मग बेरीज दाखवतो आणि मग पिन मागतो. चिपची मोहोर पूर्ण रकमेवर उमटते. नंतर टाइप करणे नाही आणि अक्षर लावणेही नाही. अकरा पावत्यांचा गोंधळ तिथे होऊच शकत नाही.

अमेरिकेतही आता हातातली यंत्रे वाढली आहेत. पडद्यावर 18, 20, 22 टक्क्यांची बटणे दिसतात. टक्के कशावर मोजले, हे इथे पाहायला हवे. आपल्या बिलात वीस टक्के 48 वर मोजले तर 9.60 होतात, करासकट 51.18 वर मोजले तर 10.24. कोणता पाया घ्यायचा हे यंत्रणा बसवताना ठरते. शिवाय कागदावर ग्राहक एकटा असताना लिहीत असे, आता वेटर यंत्र धरून समोर उभा असतो. संकोच ग्राहकाला होतो, तसा वेटरलाही होतो.

आपल्याकडे डेबिट कार्डाला दुकानात पिन सक्तीचा झाला तो डिसेंबर 2013 पासून. आज पिन असो की यूपीआय, आपण होकार देतो तो समोर दिसणाऱ्या अंतिम रकमेला. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हॉटेलात नंतर चढणारी टिप सहसा दिसत नाही. टिप द्यायची तर ती रोख, बडीशेपेच्या बशीत.

पेन हातात असताना

अमेरिकेत कोरी ओळ समोर आली तर ती कोरी सोडू नये. टिप रोख देणार असाल तर ओळीवर आडवी रेघ मारून बेरजेत बिलाचीच रक्कम लिहावी. टिप कार्डावर देणार असाल तर बेरीज नीट करावी, कारण दोन ओळी एकमेकींशी जुळल्या नाहीत की थकलेल्या वेटरला त्यांतली एक निवडावी लागते. पुष्कळ ठिकाणी बेरजेची ओळ प्रमाण मानतात, पण सगळीकडे नाही. सेंटचे दोन आकडे लिहावेत आणि टिंब ठळक द्यावा. नुसता 10 लिहिला तर 1.0 की 10 की 100 असा घोळ होऊ शकतो.

दोन प्रतींपैकी आपली प्रत आपण बहुधा कोरीच खिशात घालतो. तीवरही तेच दोन आकडे लिहावेत आणि वसुली स्टेटमेंटवर येईपर्यंत ती जपावी. आकडा वेगळा निघाला तर आधी हॉटेलला फोन करावा. चूक टाइप करतानाची असेल तर फरक परत करणे त्यांना अवघड नसते. ते ऐकत नसतील तर बँकेकडे रकमेबद्दल तक्रार नोंदवावी. मग हॉटेलला सही केलेली पावती दाखवावी लागते, आणि ती सापडली नाही तर तक्रार ग्राहकाच्या बाजूने जाण्याचीच शक्यता अधिक. म्हणूनच जाणती हॉटेले त्या पावत्या महिनोन्‌महिने खोक्यांत तारखेवार लावून ठेवतात.